नोकरी गेली, गृहकर्ज चालू: हप्ता थांबवावा, पुनर्रचना मागावी की फ्लॅट विकून मोकळं व्हावं?

वाकडची_वाट

मंडळी, बराच विचार करून धागा काढते आहे. गेल्या महिन्यात आमच्या कंपनीने अख्खी टीम कमी केली, त्यात मीही गेले. नवरा कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. महिन्याला सरासरी २५,००० येतात, तेही वेळेवर येतील याची खात्री नाही.

गृहकर्ज बँकेचं आहे, बदलत्या दराचं. ४० लाख शिल्लक, १५ वर्षं बाकी, दर ८.५ टक्के, हप्ता ३९,३९०. घरखर्च कितीही आवळला तरी ३०,००० च्या खाली जात नाही. नोटीस पे वगैरे धरून हाताशी ५ लाख आहेत. अजून एकही हप्ता चुकलेला नाही.

शाखेत जाऊन विचारलं, तर साहेब म्हणाले, "मोरेटोरियम कोविडमध्ये होतं, आता बंद झालं." आणि जाता जाता हळूच म्हणाले, "दोन-तीन हप्ते थकू द्या, मग पुनर्रचनेचं बघू." हे ऐकून जास्तच घाबरले.

प्रश्न तीन. सहा महिने हप्ता थांबवून मिळतो का? पुनर्रचना मागितली तर नुकसान काय? आणि फ्लॅट विकून कर्ज मुदतीआधी फेडलं तर फोरक्लोजर चार्जेस किती लागतील? मैत्रीण म्हणते चार टक्के लागतात. चार टक्के म्हणजे १ लाख ६० हजार!

आनंदी_गोगलगाय

वाईट वाटलं वाचून. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते: शून्य. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर बँकांना असे चार्जेस लावायला रिझर्व्ह बँकेने २०१२ पासून मनाई केली आहे. मैत्रिणीचं कर्ज एकतर जुनं असेल, नाहीतर स्थिर दराचं.

सह्याद्रीवेडा

सरकारने २०२० मध्ये सहा महिने हप्ते माफ केले होते, मीही घेतली होती सवलत. तसा अर्ज करा ना. बँक नाही म्हणूच शकत नाही, ग्राहकाचा हक्क आहे तो.

कोथिंबीरवडी

@सह्याद्रीवेडा, माफ?? दादा, एकदा कर्जाचा उतारा काढून बघा बरं.

सह्याद्रीवेडा

उतारा कशाला? सहा महिने पैसे गेले नाहीत हे मला माहीत आहे. नंतर मुदत थोडी वाढली म्हणाले, एवढंच.

वसुली_निवृत्त

मी राष्ट्रीयीकृत बँकेत कर्ज आणि वसुली विभागात होतो, आता नाशिकला निवांत. "मुदत थोडी वाढली" यावर जरा थांबूया, सगळी गंमत तिथेच आहे.

१ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या काळात हप्ते पुढे ढकलायची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिली होती. तीन महिन्यांची पहिल्यांदा, मग आणखी तीन. व्याज एक दिवसही थांबलं नव्हतं. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मार्च २०२१ च्या निकालाने व्याजावरचं व्याज तेवढं काढून टाकलं. मूळ व्याज सगळ्यांनी भरलं. तुम्हीही भरताय, फक्त कर्जाच्या शेपटाला.

ताईंच्याच आकड्यांवर सांगतो. ४० लाखांवर ८.५ टक्क्यांनी पहिल्या महिन्याचं व्याज २८,३३३. सहा महिने काहीच भरलं नाही आणि व्याज मुद्दलात चढत गेलं, तर शिल्लक होते साधारण ४१ लाख ७३ हजार. त्यानंतर हप्ता तोच ठेवला तर १८० ऐवजी १९७ हप्ते भरावे लागतात. सहा हप्ते टाळले आणि सतरा वाढले. रकमेत साडेसहा लाखांच्या आसपास. पुढे १८० च हप्ते ठेवायचे म्हटले तर हप्ता ४१,१०० च्या घरात जातो.

आता हक्काचं. २०२० ची मुभा सार्वत्रिक आणि तात्पुरती होती. आज कर्जदाराला हप्ता थांबवण्याचा हक्क नाही. अर्ज करता येतो, मंजूर करायचा की नाही हे बँक स्वतःच्या धोरणानुसार ठरवते. शाखेतल्या साहेबांचं पहिलं वाक्य अर्धं बरोबर होतं. दुसरं मात्र डोक्यातून काढून टाका.

सह्याद्रीवेडा

सतरा हप्ते? आत्ताच बँकेच्या ॲपवर बघितलं. माझं कर्ज २०३४ ला संपणार होतं ते आता २०३६ दाखवतंय. दर वाढल्यामुळेही असेल. पण असो, गप्प बसतो.

मुळशी_पॅटर्नवाला

गप्प बसू नका हो, तुमच्यामुळे एवढी माहिती बाहेर आली :)

वाकडची_वाट

@वसुली_निवृत्त काका, मनापासून आभार. पण हप्ते थकवा असं साहेब का म्हणाले असतील? आणि पुनर्रचना द्यायला बँक का कचरते? सहा महिने फक्त व्याज भरते म्हटलं तर त्यांचं काय जातं?

वसुली_निवृत्त

चांगला प्रश्न. ग्राहकांना हे कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कर्जदार अडचणीत आहे म्हणून बँकेने अटी सैल केल्या, मग ते हप्ता थांबवणं असो, फक्त व्याज घेणं असो की मुदत वाढवणं, नियमांच्या भाषेत ती पुनर्रचना होते. आणि कोविडच्या विशेष योजना सोडल्या तर पुनर्रचना केलेलं खातं त्याच क्षणी एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांत, टाकावं लागतं. तुमचा एकही हप्ता चुकलेला नसला तरी. २०२० आणि २०२१ च्या योजनांचं वेगळेपण हेच होतं की त्यात खातं नियमित राहत होतं. त्या मुदती केव्हाच संपल्या.

एनपीए झालं की बँकेला नफ्यातून तरतूद करावी लागते. नियमित गृहकर्जाला ०.२५ टक्के, म्हणजे तुमच्या ४० लाखांवर १०,००० रुपये. एनपीएच्या पहिल्या पायरीवर १५ टक्के, म्हणजे ६ लाख. तुम्हाला महिन्याला अकरा हजारांची सवलत द्यायला शाखेच्या माथी सहा लाख बसतात. कुठला शाखाधिकारी आपणहून देईल? खातं तसंही थकून एनपीए होणारच असेल तर मग त्याला पुनर्रचनेत रस वाटतो. "थकू द्या" म्हणण्यामागचा हिशेब बहुधा हा असावा. त्याच्या बाजूने सोयीचा, तुमच्या बाजूने नाही.

आणि एकदा तो शिक्का बसला की लगेच पुसला जात नाही. पुनर्रचनेनंतर निदान वर्षभर सगळं वेळच्या वेळी भरलं तरच खातं पुन्हा नियमित होतं. सिबिलच्या अहवालात पुनर्रचनेची नोंद दिसते ती वेगळीच.

मीनल_के

माझा अनुभव सांगते. आम्ही फ्लॅट बुक केला तेव्हा बँकेने ताबा मिळेपर्यंत मोरेटोरियम दिलं होतं, फक्त व्याज भरत होतो. सिबिलला काहीही झालं नाही. उगाच घाबरवू नका त्यांना.

आनंदी_गोगलगाय

@मीनल_के, ते वेगळं. बांधकाम चालू असताना फक्त व्याज भरायचं हे मूळ करारातच लिहिलेलं असतं. इथे नोकरी गेल्यावर करार बदलून मागायचा प्रश्न आहे.

मीनल_के

अच्छा. मग माझा प्रतिसाद पास समजा. (आमच्या बिल्डरने ताबा द्यायला चार वर्षं लावली. त्याच्यावर वेगळा धागा काढेन म्हणते.)

मुळशी_पॅटर्नवाला

काढाच. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

डोंबिवली_फास्ट_लोकल

मी काकांशी पूर्ण सहमत नाही. सिबिल, सिबिल काय करताय? घरात पैसे नसले तर सिबिल चाटायचंय का? मोठ्या भावाने "रेकॉर्ड खराब नको" म्हणत दागिने मोडले, क्रेडिट कार्डावरून हप्ते भरले, मित्रांकडून उसने घेतले. आठ-नऊ महिन्यांनी तेही आटलं. मग सगळंच एकदम थकलं, गृहकर्ज, कार्ड, उसनवारी. त्याने हातात रोकड असतानाच बँकेशी बोलून हप्ता कमी करून घेतला असता तर निदान बाकीची कर्जं तरी झाली नसती.

वसुली_निवृत्त

@डोंबिवली, क्रेडिट कार्डावरून गृहकर्जाचा हप्ता भरणं ही सगळ्यात महागडी चूक, त्यात दुमत नाही. पण तुमच्या मुद्द्याला ताईंचे आकडे लावून बघू.

आत्ता पूर्ण हप्ता भरला तर दरमहा साधारण ४४,४०० ची तूट. पाच लाख अकरा महिने पुरतील. फक्त व्याज भरायची सवलत तेवढा सगळा काळ मिळाली तर तूट ३३,३००, आणि तेच पैसे पंधरा महिने पुरतील. शिक्क्याच्या बदल्यात चार महिने मिळतात. अकरा महिन्यांत दुसरी नोकरी लागण्याची शक्यता किती, हे ताईंनाच ठाऊक. लागेल असं वाटत असेल तर आज शिक्का का घ्यायचा? वर्ष-दोन वर्षं लागतील असं वाटत असेल तर तुमचं म्हणणं खरं.

मुदत वाढवायच्या सल्ल्याबद्दलही सांगतो, कारण तो हमखास मिळतो. १५ ची २० वर्षं केली तर हप्ता ३४,७०० होतो. २५ केली तर ३२,२००. दहा वर्षं जादा कर्ज डोक्यावर आणि सुटका महिन्याला सात हजारांची. पगार कमी झालेल्याला याचा उपयोग होतो, पगारच गेलेल्याला फारसा नाही.

हिंजवडी_ट्रॅफिक

सिबिलबद्दल एक भर. मी ज्या कंपनीत होतो तिथे बँकिंगच्या क्लायंटवर टाकण्याआधी पार्श्वभूमी तपासणीत सिबिल बघायचे. सगळीकडे असं असतं असं नाही, पण आयटीवाल्याने नोकरी शोधत असतानाच शिक्का मारून घेणं मला तरी धोक्याचं वाटतं.

दुसरं, बॅलन्स ट्रान्सफर करून टाका. माझा मित्र ७.६ ला गेला.

कोथिंबीरवडी

@हिंजवडी_ट्रॅफिक, नवी बँक शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या मागणार. कुठून आणायच्या?

हिंजवडी_ट्रॅफिक

हो की. सुचलंच नाही.

आनंदी_गोगलगाय

बँक बदलता येणार नाही, पण त्याच बँकेत दर कमी करून मागता येतो. @वाकडची_वाट, तुमचं कर्ज कशाला जोडलेलं आहे? रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या दराला, की एमसीएलआरला, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या जुन्या पद्धतीच्या दराला? २०२५ मध्ये रेपो ६.५ वरून ५.२५ वर आला. तरी तुम्ही ८.५ भरताय म्हणजे कर्ज जुन्या पद्धतीचं आहे, किंवा रेपोवरचा फरक जास्त लावलाय. थोडं शुल्क भरून नव्या दरावर जाता येतं. समजा ७.७५ मिळाला, तर हप्ता ३७,६५० च्या आसपास. रक्कम फार नाही, पण ही नेहमीची, सगळ्या ग्राहकांना खुली असलेली सोय आहे. नोकरीचा विषयच येत नाही, म्हणून ती पुनर्रचनेत मोडत नाही.

अर्ज देताना "दर कमी झाल्यावर हप्ता कमी करा, मुदत नको" असं स्पष्ट लिहा. नाहीतर हप्ता तोच ठेवून मुदत घटवतात आणि तुमच्या हातात काहीच पडत नाही.

वाकडची_वाट

एमसीएलआर! आत्ता मंजुरीपत्र काढून बघितलं. २०१८ चं आहे. हे कुणीच सांगितलं नव्हतं.

पत्रिका_जुळली_नाही

तीन हप्ते थकले की एनपीए ना? मग दोन थकवून तिसऱ्याला एक भरायचा, असं वर्षभर ढकलता येतं की. ऑफिसातला एकजण तेच करतोय.

वसुली_निवृत्त

अर्धं खरं. मोजणी हप्त्यांची नसून दिवसांची असते. सगळ्यात जुनी थकबाकी ९० दिवसांपलीकडे गेली की एनपीए. भरलेली रक्कम आधी जुन्या बाकीला लागते. त्यामुळे तुमचा मित्र एकदा दोन हप्ते मागे पडून पुढे दर महिन्याला एक पूर्ण हप्ता भरत असेल, तर तांत्रिकदृष्ट्या एनपीए होणार नाही. मात्र दोन महिने सोडून तिसऱ्याला एकच भरणं वर्षभर चालत नाही. जुनी बाकी साचत जाते आणि दुसऱ्याच फेरीत ९० दिवस उलटतात.

शिवाय प्रत्येक उशिराचे दिवस सिबिलमध्ये उमटतात. ऑटो-डेबिट परत गेला की दोन्हीकडचा दंड. आणि एकदा एनपीए झालं की एखादा हप्ता भरून सुटका नाही, सगळी थकबाकी चुकती करावी लागते. दर महिन्याला एका हप्त्याची तूट असलेल्या माणसाला ती एकदम कुठून जमणार?

पत्रिका_जुळली_नाही

मित्राला धागा पाठवतो.

नागपुरी_तर्री

चार्जेसवरून आठवलं. आमचं कर्ज बँकेचं नव्हतं, फायनान्स कंपनीचं होतं. पहिली तीन वर्षं दर स्थिर, पुढे बदलता. दुसऱ्या वर्षी बंद केलं तर २ टक्के आणि वर जीएसटी लावला. भांडलो, काही उपयोग झाला नाही. तेव्हा शून्य-शून्य म्हणून ताईंना भरीस घालू नका.

आनंदी_गोगलगाय

तुमचा दर बंद करायच्या वेळी स्थिर होता ना, म्हणून लागला. स्थिर दरावर चार्जेस लावायला सरसकट मनाई नाही. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांसाठी तर नियमात स्पष्टच आहे की अशा मिश्र कर्जात फेडायच्या दिवशी दर कुठला चालू आहे तेच बघायचं. पैसे स्वतःचे की दुसऱ्या बँकेचे, हेही विचारायचं नाही, किमान इतके महिने थांबा अशी अटही नाही. ताईंचं कर्ज २०१८ चं असलं तरी बँकेचं आणि बदलत्या दराचं, त्यामुळे २०१२ चा नियम लागू आहेच.

नागपुरी_तर्री

म्हणजे आणखी एक वर्ष थांबलो असतो तर वाचले असते का राजेहो! जाऊ द्या.

डोंबिवली_फास्ट_लोकल

भावाचं पुढे काय झालं ते लिहितो. ताई, विकायचं असेल तर यातून वेळेचं गणित कळेल.

खातं एनपीए झाल्यावर सरफेसी कायद्याची १३(२) ची नोटीस आली, साठ दिवसांत सगळं कर्ज भरा म्हणून. आम्ही हरकत लिहून दिली. त्यावर बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावं लागतं, ते आलं, नकाराचंच. दरम्यान भावाने गिऱ्हाईक शोधलं, बाजारभावाने घ्यायला तयार होतं. पण ती नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. बँकेने नाही म्हटलं नाही, पण कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. गिऱ्हाईक घाबरलं आणि गेलं. मग दाराला ताब्याची नोटीस चिकटली. सोसायटीतल्या सगळ्यांनी वाचली. वहिनी त्यानंतर लिफ्टने जात नव्हती.

शेवटी घर लिलावात गेलं, बाजारभावाच्या बरंच खाली. लिलावाची जाहिरात निघायच्या आत सगळी रक्कम भरली तर घर सोडवता येतं, पण तेवढी रक्कम असती तर वेळच आली नसती.

वाकडची_वाट

वाचून सुन्न झाले. भाऊ आता बरे आहेत ना?

डोंबिवली_फास्ट_लोकल

हो, बदलापूरला भाड्याने राहतात. नोकरी लागली. सकाळची लोकल सोडली तर बरं चाललंय.

वसुली_निवृत्त

@डोंबिवली, लिहिलंत हे फार बरं केलंत. खुर्चीच्या त्या बाजूला मी बसलेलो आहे. खातं नियमित असताना घर विकणाऱ्याला गिऱ्हाईक आणि भाव दोन्ही मिळतात. नोटिशीनंतर दोन्ही पडतात.

म्हणून ताई, अकरा महिने पुरतील म्हणून अकराव्या महिन्यापर्यंत थांबू नका. गिऱ्हाईक मिळणं, त्याचं कर्ज मंजूर होणं, नोंदणी, यात चार-पाच महिने सहज जातात. पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत नोकरीचं चिन्ह नसेल तर फ्लॅट बाजारात काढा, आणि तोवर हप्ते पूर्ण भरत राहा. विकायचं नाहीच असं ठरवलंत, तर त्याच सुमाराला पुनर्रचनेचा लेखी अर्ज द्या. नोकरी गेल्याचं पत्र, दोघांच्या खात्यांचे उतारे आणि "सहा महिने फक्त व्याज भरेन" असा नेमका प्रस्ताव जोडून. पोच घ्या. तोंडी बोलण्याला फाइलमध्ये जागा नसते.

आणि यजमान सहकर्जदार असतील तर त्यांचं सिबिलही तुमच्याबरोबरच चालतं, हे त्यांना आधी सांगा.

डोंबिवली_फास्ट_लोकल

काका, अर्ज सहाव्या महिन्यात का? तोवर अडीच लाखही उरणार नाहीत. माझं मत अजूनही तेच, अर्ज लवकर द्यावा.

वसुली_निवृत्त

इथे आपलं जमणार नाही. असू द्या.

कोथिंबीरवडी

कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा आहे का? काहींमध्ये नोकरी गेल्यास तीनेक हप्ते भरायचं कलम असतं. स्वतः राजीनामा दिला असेल तर मात्र देत नाहीत. तुमच्या पत्रात काय लिहिलंय? कंपन्या "राजीनामा द्या, दोन पगार जास्त देतो" करतात ना.

वाकडची_वाट

अगदी तेच केलं आहे त्यांनी. :( विमा आहे, एकरकमी हप्ता भरलेला, पण फक्त मृत्यूचा.

कोथिंबीरवडी

मग कर्ज बंद करताना तो सरेंडर करायला विसरू नका. उरलेल्या मुदतीप्रमाणे काही रक्कम परत मिळू शकते, आणि बँक आपणहून आठवण करत नाही.

वाकडची_वाट

सर्वांचे आभार. दर बदलायचा अर्ज काल दिला, पोच घेतली. शुल्क किती ते सोमवारी सांगणार आहेत. विकण्यावरून घरात एकमत नाही, नवऱ्याचं म्हणणं भाड्याने देऊन आपण सासूबाईंकडे तळेगावला राहावं. दोन बेडरूमला इथे २७-२८ हजार भाडं येईल. हप्त्यातली तूट बरीच कमी होते, पण त्याचे तास वाकडच्या कॉलेजात आहेत.

एक राहिलं. विकलंच तर कर्ज फिटल्यावर मूळ कागद किती दिवसांत मिळतात? आणि सोसायटीचे सचिव आत्ताच म्हणतायत की हस्तांतरणाला १ लाख लागतील.

आनंदी_गोगलगाय

कागद तीस दिवसांत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. तक्रार आधी बँकेकडे, तीस दिवसांत तोडगा नाही निघाला तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, cms.rbi.org.in वर.

सचिवांना सांगा, महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण संस्थेला हस्तांतरणाचा प्रीमियम २५,००० च्या वर घेता येत नाही.

मुळशी_पॅटर्नवाला

सचिव म्हणतील "ऐच्छिक देणगी".

आनंदी_गोगलगाय

मग ऐच्छिक आहे असं पावतीवर लिहून मागायचं.